चाळिशीतली पाळी, एफएसएच आणि एस्ट्राडिओल: रक्त कधी द्यायचं आणि रिपोर्ट कसा वाचायचा

माझ्या दवाखान्यात चाळिशी ओलांडलेल्या बायका हल्ली रिपोर्ट हातात घेऊनच येतात. पाळी मागेपुढे व्हायला लागली की कुणीतरी सांगतं, "हार्मोन तपासून घे." त्यात मुख्य आकडे दोन: एफएसएच, म्हणजे बीजांडकोशाला कामाला लावणारं हार्मोन, आणि एस्ट्राडिओल, म्हणजे बीजांडकोशात बनणारं इस्ट्रोजेन. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त दिलं जातं आणि संध्याकाळी फोनवर आकडे येतात. एफएसएच ३४ आलं तर "माझी पाळी गेली" म्हणून रडू येतं, आणि ७ आलं तर "सगळं नॉर्मल आहे, तुझ्या मनाचेच खेळ" असं घरचे म्हणतात. दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात. आकडा खोटा असतो असं नाही. रक्त चुकीच्या दिवशी दिलेलं असतं, किंवा गोळ्यांची माहिती कुणी विचारलेली नसते, किंवा दोन आकडे एकत्र वाचायचे असतात ते वेगवेगळे वाचलेले असतात.

पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन झाल्याशिवाय चौथीला हात घालू नका.

## १. आधी ठरवा: ही तपासणी तुम्हाला लागते का?

वय ४५ च्या पुढे आहे, पाळी अनियमित झाली आहे, अंगातून गरम वाफा येतात, रात्री घाम फुटून जाग येते. अशा बाईला पेरीमेनोपॉज, म्हणजे पाळी जाण्याआधीचा बदलाचा काळ, सुरू झाला आहे हे सांगायला एफएसएच लागत नाही. वय, पाळीच्या तारखा आणि त्रास एवढ्यावर निदान होतं. अशा वेळी रक्त तपासून गोंधळच वाढतो, कारण या काळात एफएसएच एका महिन्यात ३० आणि पुढच्या महिन्यात ८ असं सहज हलतं.

४० ते ४५ या वयात तपासणीला अर्थ असतो. पाळी इतक्या लवकर का बदलतेय हे पाहायला हवं, आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणं बाजूला काढायला हवीत. ४० च्या आतल्या बाईची पाळी तीन-चार महिने बंद असेल तर तो वेगळाच प्रश्न आहे. तिथे तपासणी टाळायची नाही आणि "लवकर गेली, सुटलीस" असं म्हणून सोडूनही द्यायचं नाही. हाडं आणि हृदय दोन्हींसाठी तिला उपचार लागतात.

गर्भपिशवी काढलेली पण बीजांडकोश ठेवलेले आहेत, अशा बायका आपल्याकडे खूप आहेत. त्यांना मोजायला पाळीच नसते, म्हणून ४५ च्या आत त्रास सुरू झाला तर त्यांच्या बाबतीत हे आकडे जरा जास्त उपयोगी पडतात.

कोकणात आणखी एक अडचण असते. एप्रिल-मेचा दमट उकाडा आणि आतून येणारी वाफ यांत गल्लत होते. उकाड्याने घाम सगळ्यांनाच येतो आणि पंख्याखाली बसलं की कमी होतो. आतली वाफ छातीतून मानेकडे, चेहऱ्याकडे चढते, दोन-चार मिनिटं राहते, धडधड होते आणि ओसरली की उलट गारवा वाटतो. श्रावणात पाऊस कोसळत असताना, शेजारी नवरा पांघरूण ओढून झोपलेला असताना तुम्हाला हे होत असेल, तर ते हवामान नव्हे. मात्र रात्रीच्या घामाबरोबर ताप किंवा घटणारं वजन असेल, तर हार्मोनच्या मागे न लागता आधी त्याची तपासणी करा.

## २. वही: किमान सहा पाळ्यांच्या तारखा

रक्तापेक्षा तारखा जास्त सांगतात, हे मी रोज पाहते. आणि नेमकी हीच गोष्ट कुणी आणत नाही. "साधारण महिन्याने येते" एवढ्यावर काही ठरवता येत नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा किंवा फोनमध्ये लिहा, पण तारीख लिहा. पहिला दिवस म्हणजे ज्या दिवशी पॅड घ्यावंच लागेल इतका रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. आदल्या दोन दिवसांचे नुसते डाग पहिल्या दिवसात धरायचे नाहीत. ते वेगळ्या खुणेने नोंदवा. मग एका पहिल्या दिवसापासून दुसऱ्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस मोजा. पाळी संपल्यापासून मोजायची सवय अनेकींना असते. तिने सगळं गणित पाच-सहा दिवसांनी चुकतं.

आता लागोपाठच्या दोन अंतरांतला फरक बघा. एक पाळी २४ दिवसांनी आणि पुढची ३३ दिवसांनी आली तर फरक ९ दिवसांचा. असा ७ किंवा त्याहून जास्त दिवसांचा फरक एकदाच आला तर त्याला महत्त्व नाही, कारण प्रवास, आजारपण, लग्नघरातली धावपळ यानेही असं होतं. तोच फरक दहा पाळ्यांच्या आत पुन्हा दिसला, तर बदलाच्या काळाचा पहिला टप्पा सुरू झाला असं धरतात. पाळी सलग ६० किंवा अधिक दिवस आलीच नाही, तर दुसरा, शेवटाकडचा टप्पा. तो साधारण १ ते ३ वर्षं चालतो. हे टप्पे जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेले आहेत, आणि त्यांतही पहिला मान पाळीच्या तारखांना आहे. रक्ताचे आकडे फक्त आधाराला घेतात.

पडताळा: वहीत सहा तारखा झाल्या का? नसतील आणि त्रास थांबण्यासारखा असेल, तर रक्त आत्ता देऊ नका. अतिरक्तस्राव असेल तर मात्र थांबायचं नाही. त्याबद्दल पाचव्या पायरीच्या शेवटी लिहिलं आहे.

## ३. रक्त देण्याआधी चार गोष्टी तपासा

गर्भधारणा. चौवेचाळिसाव्या वर्षी दोन महिने पाळी चुकली की "जायची वेळ झाली" असंच धरलं जातं. आधी लघवीची तपासणी करा. मी चार महिन्यांचं पोट घेऊन आलेल्या बाईच्या हातात हार्मोनचे रिपोर्ट पाहिले आहेत. एफएसएच जवळजवळ शून्य आणि एस्ट्राडिओल हजारांत अशी जोडी दिसली तर पहिला विचार गर्भाचाच करायचा.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. आपल्या भागात सगळ्यात मोठी गफलत इथे होते. गणपतीत चाकरमानी येणार, गौरी बसणार, नैवेद्य आपल्यालाच करायचा, म्हणून नॉरएथिस्टेरॉनची ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतली जाते. काहीजणी शिमग्याला, घरच्या लग्नाला, सत्यनारायणालाही घेतात. या गोळ्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला दाबून ठेवतात, आणि एफएसएच याच ग्रंथीतून येतं. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत जे रक्त जातं ती तुमची स्वतःची पाळी नव्हे, ती गोळी थांबवल्याची पाळी असते. तिच्या तिसऱ्या दिवशी घेतलेला रिपोर्ट वाचण्याजोगा नसतो. त्यानंतर कोणतीही गोळी न घेता जी पाळी आपोआप येईल, तिची वाट पाहायची. वहीत अशा महिन्यापुढे 'ग' लिहा आणि त्या महिन्याचं अंतर हिशेबात धरू नका.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी हेच लागू. त्या चालू असताना एफएसएच करून उपयोग नाही. पण रिपोर्टसाठी म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. तांबी या आकड्यांना धक्का लावत नाही. हार्मोनची तांबी असेल तर पाळी कमी होते किंवा थांबते, त्यामुळे वहीचा उपयोग उरत नाही, पण एफएसएच पाहता येतं. 'अंतरा'चं गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं असेल तर शेवटचं कधी घेतलं ती तारीख सांगा.

केसांच्या गोळ्या. केस गळतात म्हणून घेतात त्या गोळ्यांत बायोटिन ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं. अनेक लॅबमधली यंत्रं हे हार्मोन मोजताना बायोटिनचाच वापर करतात, म्हणून रक्तात ते भरपूर असलं की मोजमाप फसतं. एफएसएच खोटं कमी येतं आणि एस्ट्राडिओल खोटं जास्त. म्हणजे खरोखर बदल सुरू झालेल्या बाईचा रिपोर्ट पंचविशीतल्या मुलीसारखा दिसू शकतो. थायरॉइडचा रिपोर्टही याच कारणाने फसतो. अशी गोळी रक्त देण्याआधी किमान तीन दिवस बंद ठेवा. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बायोटिन मायक्रोग्रॅममध्ये असतं, त्याने सहसा बिघडत नाही. वेष्टनावर मिलिग्रॅम आहे की मायक्रोग्रॅम ते नीट वाचा, आणि ५००० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असेल तर ते ५ मिलिग्रॅमच आहे हे ध्यानात ठेवा.

सोबत काय तपासायचं. थायरॉइडसाठी टीएसएच, स्तनात दूध आणणारं हार्मोन म्हणजे प्रोलॅक्टिन, आणि हिमोग्लोबिन. थायरॉइड मंदावला तरी पाळी बिघडते, झोप आणि मूड बिघडतो. नुसतं एफएसएच करून थायरॉइड राहून गेला तर वर्ष वाया जातं.

सावधान: लॅबमध्ये "काही औषध चालू आहे का?" असं विचारलं की आपण बीपीची, साखरेची गोळी सांगतो. गणपतीत घेतलेली गोळी आणि केसांची गोळी औषधात धरत नाही. कागदावर या दोन्ही स्वतःहून लिहा.

## ४. कोणत्या दिवशी रक्त द्यायचं

पाळी येत असेल तर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. पाचवा दिवसही चालतो. उपाशीपोटी जायची गरज नाही. फक्त प्रोलॅक्टिन सोबत असेल तर सकाळी उठल्याउठल्या धावत न जाता तासा-दोन तासांनी, थोडं बसून, रक्त द्या.

हे दिवस का, ते समजून घ्या, म्हणजे चूक होणार नाही. पाळीच्या सुरुवातीला बीजांडकोश शांत असतो. तेव्हा पिट्युटरी त्याला हाक मारते, ती हाक म्हणजे एफएसएच. हाकेला ओ देत एखादी स्त्रीबीजाची पिशवी वाढायला लागते आणि एस्ट्राडिओल बनवते, ते म्हणजे उत्तर. उत्तर पोचलं की हाक हळू होते. बीजं कमी उरली, की त्यांच्याकडून पिट्युटरीला आवरणारे संदेश कमी जातात आणि तिला मोठ्याने हाक मारावी लागते. म्हणून एफएसएच वाढतं. पाळीच्या मध्यावर बीज सुटताना मात्र तरुण, निरोगी बाईतही एफएसएच थोडा वेळ २० च्या आसपास उसळतं. तेराव्या-चौदाव्या दिवशी रक्त दिलं आणि आकडा १८ आला, तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

पाळी दोन महिन्यांहून जास्त काळ आलीच नसेल आणि गर्भ नाही याची खात्री असेल, तर दिवसाची वाट पाहत बसू नका. कोणत्याही दिवशी रक्त द्या. अशा वेळी एफएसएच २५ च्या वर असणं हे शेवटाकडच्या टप्प्याशी जुळतं.

गावात रक्त घ्यायला येणारा माणूस आठवड्यातून ठरावीक वारीच येतो आणि तिसरा दिवस नेमका रविवारी पडतो, ही अडचण मला माहीत आहे. म्हणून तीन-चार दिवसांची सवलत धरली आहे. दुसरा दिवस शनिवारी येत असेल तर शनिवारी द्या, नाहीतर सोमवारी चौथा दिवस आहेच. तेही जमलं नाही तर पुढच्या पाळीला द्या. दहाव्या दिवशी "आलोच आहोत तालुक्याला, तर देऊन टाकू" असं मात्र करू नका.

पडताळा: लॅबच्या कागदावर तीन ओळी लिहून घ्या. पाळीची पहिली तारीख, आज कितवा दिवस, गेल्या दोन महिन्यांत घेतलेल्या गोळ्या. पुढच्या वेळी तपासायची वेळ आली तर तीच लॅब धरा, कारण प्रत्येक यंत्राचे आकडे थोडे वेगळे येतात.

## ५. रिपोर्ट वाचताना क्रम पाळा

आधी मोजमाप बघा. एफएसएचला mIU/mL लिहिलेलं असो की IU/L, आकडा एकच असतो. एस्ट्राडिओलचं तसं नाही. आपल्याकडे बहुतेक लॅब pg/mL देतात, पण काही pmol/L देतात, आणि तो आकडा सुमारे पावणेचार पट मोठा दिसतो. ११० pmol/L म्हणजे ३० pg/mL. हे न पाहता मुंबईचा रिपोर्ट आणि गावचा रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. खालचे एस्ट्राडिओलचे सगळे आकडे pg/mL मध्ये आहेत.

मग तारीख. रक्त कितव्या दिवशी दिलं? लॅबच्या रिपोर्टवर उजवीकडे तीन-चार पट्टे छापलेले असतात: पाळीचा पहिला भाग, मध्य, दुसरा भाग, रजोनिवृत्तीनंतर. तुमचा दिवस कोणता हे यंत्राला माहीत नसतं. म्हणून आकडा "रजोनिवृत्तीनंतर"च्या पट्ट्यात बसला म्हणजे लॅबने तुम्हाला रजोनिवृत्ती झाल्याचं सांगितलं, असा अर्थ होत नाही.

मग एस्ट्राडिओल आणि त्यानंतरच एफएसएच. बहुतेकजण उलटं करतात, एफएसएच बघतात आणि थांबतात. पण हाक मोठी की लहान हे उत्तर ऐकल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एस्ट्राडिओल साधारण २० ते ८० च्या दरम्यान असेल तर बीजांडकोश शांत आहे आणि समोरचं एफएसएच खरं बोलतंय. तेव्हा १० च्या आत असेल तर ठीक. त्याच्या वर चढायला लागलं असेल तर हाक वाढते आहे.

त्याच दिवशी एस्ट्राडिओल ८० च्या वर असेल, समजा १३०, तर एखादी पिशवी आधीच्या पाळीतच वाढायला लागलेली आहे. तिच्या एस्ट्राडिओलने एफएसएच दाबलं जातं. अशा वेळी ९ दिसणारं एफएसएच हे खरं ९ नसतं. "नॉर्मल" म्हणून सोडून दिले जाणारे बहुतेक रिपोर्ट या प्रकारचे असतात. पेरीमेनोपॉजच्या सुरुवातीला एस्ट्राडिओल कमी होतं हा समज इथेच कोसळतो. सुरुवातीची काही वर्षं ते कधी खूप वर जातं, कधी खाली येतं. स्तन दुखणं, पाळी जास्त जाणं ही त्या वर जाण्याची लक्षणं. "हार्मोन कमी झालेत" म्हणून अशा बाईला इस्ट्रोजेन वाढवणारं काही स्वतःहून सुरू करणं म्हणजे आधीच भरलेल्या घागरीत पाणी ओतणं.

एफएसएच २५ च्या वर आणि एस्ट्राडिओल २० च्या खाली: त्या दिवशी हाकेला उत्तर मिळालेलं नाही. *त्या दिवशी*, हे शब्द महत्त्वाचे. पुढच्या महिन्यात एखादं बीज ओ देऊ शकतं.

आणि दोन्ही कमी, म्हणजे एफएसएच २-३ आणि एस्ट्राडिओल १५, पाळी बंद. हा पेरीमेनोपॉज नव्हे. बीजांडकोश थकलेला असता तर हाक मोठी असती, इथे हाकच मारली जात नाहीये. गोळ्यांचा परिणाम, फार घटलेलं वजन किंवा पिट्युटरीचा त्रास यांचा शोध घ्या. स्तनातून पाणी येत असेल, डोकं सतत दुखत असेल, बाजूचं दिसायला कमी झालं असेल तर प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

सावधान: रक्तस्राव फार होत असेल तर या आकड्यांची वाट पाहायची नाही. तासाला एक पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, पाळी २१ दिवसांच्या आत येणं, मधेच किंवा संबंधानंतर रक्त जाणं, आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर दिसलेला एक डागसुद्धा, यांपैकी काहीही असेल तर सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि बहुतेक वेळा गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणं लागतं. एफएसएच कितीही असो, अस्तरात काय चाललंय ते तो आकडा सांगत नाही. "जायच्या वेळेस असंच होतं" या एका वाक्यामुळे कर्करोगाचं निदान उशिरा झालेल्या बायका आहेत. हे वाक्य कुणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नका.

## ६. एका वहीवरून, पायरी पायरीने

एक ४४ वर्षांच्या बाई, काजूच्या बागेचं काम पाहणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून तारखा आणि आकडे थोडे बदलले आहेत.

२०२५ च्या त्यांच्या तारखा अशा: ६ जानेवारी, ३ फेब्रुवारी, २७ फेब्रुवारी, ३० मार्च, २२ एप्रिल, २७ मे, २२ जून, ३१ जुलै. अंतरं काढली तर २८, २४, ३१, २३, ३५, २६, ३९. लागोपाठचे फरक ४, ७, ८, १२, ९, १३. एप्रिलपर्यंतच सात दिवसांचा फरक एकाहून अधिक वेळा दिसून गेला होता. म्हणजे पहिला टप्पा सुरू आहे हे रक्ताचा थेंब न काढता वहीवरून कळत होतं. बाई मात्र वहीबद्दल काहीच बोलल्या नव्हत्या, कारण कुणी विचारलं नव्हतं.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. त्यांनी २२ ऑगस्टपासून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या आणि २ सप्टेंबरला गौरी-गणपती गेल्यावर थांबवल्या. ५ तारखेला रक्त गेलं. "तिसऱ्या दिवशी द्या" हे ऐकून ७ ला रक्त दिलं. एफएसएच ५, एस्ट्राडिओल ३४. रिपोर्ट सुंदर, निष्कर्ष "काही झालेलं नाही". मी तो बाजूला ठेवला, कारण तो गोळ्यांच्या सावलीतला होता. त्या केसांसाठी १० मिलिग्रॅम बायोटिनही घेत होत्या, तेही बंद केलं. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. मे महिन्यातली पाळी नऊ दिवस गेली होती, ते तेव्हा कळलं. म्हणून सोनोग्राफी आणि अस्तराची तपासणी आधी केली. ती चांगली आली, आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

११ ऑक्टोबरला गोळीविना पाळी आली. १३ ला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, रक्त घेतलं: एफएसएच १४, एस्ट्राडिओल ११२. टीएसएच आणि प्रोलॅक्टिन ठीक, लघवीत गर्भ नाही. आता हे वाचा. एस्ट्राडिओल ८० च्या वर, म्हणजे एक पिशवी आधीच वाढतेय. इतकं उत्तर मिळूनही हाक १४ वर आहे. उत्तर नसतं तर ती आणखी मोठी असती. रिपोर्ट आणि वही एकच गोष्ट सांगत होते. दुसरा रिपोर्ट मागायची गरज उरली नाही.

पण पाळी नोव्हेंबरात आली नाही, रात्री वाफा सुरू झाल्या आणि त्यांनी न विचारता १८ नोव्हेंबरला पुन्हा रक्त दिलं. एफएसएच ३८, एस्ट्राडिओल १६. लॅबच्या पट्ट्यात ते "रजोनिवृत्तीनंतर" बसत होतं. "मॅडम, गेली ना हो माझी? आता काही सांभाळायला नको ना?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि संबंधांबद्दल तो होता.

नाही. एकोणचाळीसाव्या दिवशी बीजांडकोश गप्प होता, एवढंच तो रिपोर्ट सांगत होता. १५ डिसेंबरला त्यांना पाळी आली, ६५ दिवसांनी. मधल्या चार आठवड्यांत एखाद्या पिशवीने ओ दिली होती. साठ दिवसांचा टप्पा ओलांडला म्हणून त्या आता शेवटाकडच्या टप्प्यात आल्या असं धरलं, आणि हे ठरलं १५ डिसेंबर या तारखेवरून. ३८ हा आकडा नसता तरी हेच ठरलं असतं.

## ७. यानंतर परत तपासायचं का?

पेरीमेनोपॉज आहे हे एकदा ठरल्यावर दर दोन महिन्यांनी एफएसएच करत राहण्यात काही मिळत नाही. आकडा वरखाली होणारच. उपचार त्याच्यावर ठरत नाहीत, त्रासावर ठरतात: वाफा किती, झोप किती मोडते, रक्त किती जातं. हार्मोनची औषधं सुरू केली तर ती पुरेशी आहेत का हेसुद्धा एफएसएचवरून मोजत नाहीत. पुन्हा तपासायची वेळ येते ती आधीचा रिपोर्ट गोळ्यांमुळे किंवा चुकीच्या दिवसामुळे वाया गेला असेल तेव्हा, किंवा वय ४० च्या आत असेल तेव्हा. अशा वेळी पुन्हा तपासायचं झालं तर दोन रिपोर्टांत चार ते सहा आठवड्यांचं अंतर ठेवतात.

वही मात्र चालू ठेवा. रजोनिवृत्ती झाली असं म्हणायला सलग १२ महिने पाळी न येणं लागतं, आणि त्यात गोळ्यांनी थांबवलेले महिने धरायचे नाहीत. अकराव्या महिन्यात पाळी आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गर्भनिरोधक त्याहूनही पुढे चालू ठेवावं लागतं. शेवटची पाळी ५० च्या आत आली असेल तर तिच्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष. त्या बाईंनी तांबी बसवून घेतली, आणि वहीत १५ डिसेंबरपुढे नवीन मोजणीचा पहिला आकडा लिहिला.